हक्कसोड, बक्षीसपत्र की सेटलमेंट? घरातल्या घरात मिळकत नावावर करताना

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टपरीवर चहा घेत बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "घरातलंच आहे, एक कागद करून टाकू." गाडी अडते ती याच एका कागदापाशी, कारण हे कागद तीन आहेत आणि तिघांचं काम वेगळं आहे. हक्कसोडपत्राने तुम्ही सामाईक मिळकतीतला स्वतःचा हिस्सा सोडता. बक्षीसपत्राने तुमच्या मालकीची वस्तू दुसऱ्याला देता. सेटलमेंट डीडने, म्हणजे ज्याला कुणी व्यवस्थापत्र म्हणतं त्याने, आपली मिळकत घरातल्या माणसांत कुणी कशी उपभोगायची याची हयातीतच मांडणी करता. चुकीचा कागद केला तर एकतर मुद्रांकापोटी लाखभर जास्त जातात, नाहीतर पाचशे रुपयांत काम झालेलं दिसतं आणि पंधरा वर्षांनी ते उकलतं.

असं उकललेलं मी आमच्या आजोळीच पाहिलं. मामाने दोन्ही मावश्यांच्या सह्या शंभराच्या मुद्रांकावर घेतल्या, नोटरीचा शिक्का मारला आणि कागद ट्रंकेत ठेवून दिला. दोघी गेल्यानंतर एका मावशीच्या मुलांनी वारस म्हणून अर्ज केला, तेव्हा वकिलाने तो कागद उलटसुलट करून परत दिला. स्थावर मिळकतीतला हक्क सोडण्याचा कागद नोंदवलेलाच लागतो, नोटरीने भागत नाही. तलाठ्यासमोर "माझी हरकत नाही" असा दिलेला जबाबही मालकी बदलत नाही.

आधी सातबारा नाही, जुने फेरफार वाचा

कोणता कागद करायचा हे मिळकत कुणाकडून आणि कशी आली यावर ठरतं. सातबाऱ्यावर फक्त आजचं नाव दिसतं. म्हणून त्यावर दिलेले फेरफार क्रमांक घ्या आणि ते एकेक उतरवून मागे जा. खरेदीने आली असेल तर खरेदीखताचा उल्लेख सापडेल, वारसाने आली असेल तर मयताचं नाव आणि वारसांची यादी. जुन्या नोंदीत नावापुढे "ए.कु.मॅ." दिसलं तर ते एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं नाव आहे. त्या माणसाच्या एकट्याच्या मालकीची ती जमीन समजू नका. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का आणि वर भूधारणा पद्धतीपुढे भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का, हेही याच वेळी बघून ठेवा. वर्ग २ असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो आणि बाकीचं सगळं त्यामागे थांबतं.

शहरातल्या घरासाठी हेच काम मिळकत पत्रिकेवरून करायचं, ती नगर भूमापन कार्यालयात मिळते. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो कर आकारणीचा उतारा आहे. मालकी दाखवायला त्यामागचे दस्त लागतात.

पुढचं सगळं एका उदाहरणावर सांगतो. कुटुंब कल्पनेतलं आहे, पण तासगाव भागात अशी घरं गल्लीत दोन तरी सापडतील.

अण्णा वारले. मागे आई, पुण्यात नोकरी करणारा थोरला, द्राक्षबाग बघणारा धाकटा आणि कवठे महांकाळला दिलेली ताई. आजोबांकडून आलेली अडीच एकर बाग, म्हणजे १०० गुंठे. शिवाय सांगलीत विश्रामबागला आईने स्वतःच्या नावावर घेतलेलं घर, रेडी रेकनरने ४० लाखांचं. ताईला बागेत हिस्सा नको आहे, तो धाकट्याला द्यायचाय. आणि आईला घर धाकट्याच्या नावावर करायचंय.

बाग: हक्कसोडपत्र

पहिली पायरी वारस नोंदीची. अण्णांच्या मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा आणि चौघांची नावं सातबाऱ्यावर आणायची. नाव लागण्याआधी कायद्याने हक्क नसतो असं नाही, पण वारस नोंद न करता केलेल्या हक्कसोडीचा फेरफार हमखास अडतो.

आता हिस्से. वडिलोपार्जित जमीन असल्याने अण्णा, आई, दोन मुलगे आणि मुलगी असे पाच समान वाटे धरायचे, प्रत्येकी २० गुंठे. अण्णांचे २० गुंठे चार वारसांत प्रत्येकी ५. म्हणजे चौघांना २५-२५ गुंठे. ताईचं लग्न कधी झालं याचा इथे काही संबंध नाही. २००५च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची हिस्सेदार, झाली आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं. वाटणी डिसेंबर २००४च्या आधीच रीतसर झाली असेल तर मात्र ती उकरता येत नाही.

ताईने हक्कसोडपत्र केलं तर मुद्रांक ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४च्या आधी तो २०० होता. ही सवलत वडिलोपार्जित मिळकतीसाठी आहे, आणि सोडणारा व घेणारा यांचं नातं आई-वडील, पती-पत्नी, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, मयत मुलाची मुलं, किंवा यांपैकी कुणाचे वारस, असं असलं पाहिजे. त्याबाहेर गेलात की सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखा पूर्ण मुद्रांक लागतो. नोंदणी फी वेगळी असते.

ताईच्या मनात आणखी एक गोष्ट आहे. तिला हिस्सा वहिनीच्या नावावर करायचाय, "म्हणजे भाऊ दारूत उडवणार नाही." भावना समजण्यासारखी आहे, पण हक्कसोडीने ते होत नाही. हक्क फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात सोडता येतो आणि वहिनी सहहिस्सेदार नाही. मथळा हक्कसोडपत्राचा ठेवला तरी कार्यालय आतला मजकूर वाचतं आणि त्यावरून मुद्रांक ठरवतं. बक्षीसपत्र करून द्यावं म्हटलं तर भावाची बायको तिथल्याही सवलतीच्या नात्यांत बसत नाही. शिवाय एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही.

हीच अडचण "फक्त धाकट्याला" या इच्छेतही दडलेली आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दस्तात नुसतं "मी माझा हक्क सोडत आहे" एवढंच असेल तर ताईचे २५ गुंठे उरलेल्या तिघांत जातात, प्रत्येकी साधारण सव्वाआठ. मग धाकट्याचं नाव लिहिलं की झालं, असं वाटतं. पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायादाने सोडलेला हक्क उरलेल्या सगळ्यांच्या लाभात जातो, कागदावर एकाचंच नाव असलं तरी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली घेतली आहे. उद्या थोरल्याची मुलं हाच मुद्दा काढू शकतात. म्हणून मी नेहमी सांगतो, दस्तात धाकट्याचं नाव स्पष्ट लिहा, किती गुंठे ते लिहा, आणि आई व थोरला या दोघांना संमती देणार म्हणून त्याच दस्तात सही करायला लावा. पुण्याहून एक दिवस यावं लागतं, एवढाच खर्च. त्यानंतर धाकट्याचे ५० गुंठे, आईचे २५, थोरल्याचे २५, असा हिशेब कुणी हलवू शकत नाही.

दोन बारीक गोष्टी. हक्कसोडीत सहसा मोबदला नसतो. ताईला पाच लाख दिले आणि दस्तात "प्रेमापोटी" लिहिलं, तर ती विक्री झाकणं आहे. पैसे खरंच द्यायचे असतील तर ते दस्तात दाखवा आणि मुद्रांक किती लागेल हे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय घेऊन आधीच ठरवा. ताईला त्या रकमेवर भांडवली नफ्याचा करही बघावा लागेल. दुसरं, हिस्सेदारांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं, असेल तर त्याच्या वतीने आईने किंवा काकाने हक्क सोडून चालत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

वडील जिवंत असताना घेतलेली हक्कसोड

यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे ही चूक लग्नाच्या याद्यांइतकी सर्रास होते. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून प्लॉट घेतलाय, वडील धडधाकट आहेत, आणि बहिणीच्या लग्नाआधी भाऊ तिच्याकडून त्या प्लॉटची हक्कसोड घेऊन ठेवतात. नोंदणीही होते. पण त्या प्लॉटमध्ये बहिणीला आज हक्कच नाही. वडील वारल्यावर काही मिळेल ही आशा आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नुसती आशा हस्तांतरित होत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले की बहीण नव्याने वारस होते. तो कागद मग भांडणात दाखवायच्याच कामाचा.

वडिलांना खरंच प्लॉट मुलाला द्यायचा असेल तर त्यांनीच बक्षीसपत्र करावं किंवा मृत्युपत्र करून ठेवावं.

घर: बक्षीसपत्र

आईचं घर आईचं एकटीचं. तिथे सोडण्यासारखा कुणाचा हिस्सा नाही, म्हणून हक्कसोडीचा प्रश्नच येत नाही. आई बक्षीसपत्र करून देणार.

महाराष्ट्रात राहत्या घरासाठी आणि शेतजमिनीसाठी पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मयत मुलाची पत्नी यांना दिलेल्या बक्षिसावर मुद्रांक फक्त २०० रुपये आहे. ही यादी नीट वाचा. त्यात भाऊ नाही, बहीण नाही, आई-वडील नाहीत, आणि जिचा नवरा हयात आहे अशी सूनही नाही. भाऊ, बहीण आणि आई-वडील दुसऱ्या पायरीवर येतात, तिथे खरेदीखताचा दर किंवा बाजारमूल्याच्या ३ टक्के, यापैकी जे कमी ते. मिरजेतल्या बाजारपेठेतला गाळा मुलाला दिला तरी २०० रुपयांत होत नाही. तो राहतं घरही नाही आणि शेतही नाही, म्हणून तिथेही हीच दुसरी पायरी.

"दोनशे रुपयांत घर नावावर" हे ऐकून येणाऱ्यांची फजिती होते ती मात्र पुढच्या आकड्याने. सवलत मुद्रांकावर आहे. स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार बक्षीसपत्रालाही लागतो, हद्द महापालिकेची असो, नगरपालिकेची असो की जिल्हा परिषदेची. विश्रामबागचं ४० लाखांचं घर म्हणजे ४० हजार रुपये अधिभार. ही रक्कम हाताशी ठेवूनच तारीख ठरवा.

बक्षीसपत्र पक्कं व्हायला दोन साक्षीदारांच्या सह्या, नोंदणी आणि घेणाऱ्याचा स्वीकार लागतो, आणि तो स्वीकार देणाऱ्याच्या हयातीतच झाला पाहिजे. धाकट्याने त्याच दस्तात "मी बक्षीस स्वीकारले" असं लिहून सही करावी. तो कामात आहे, नंतर येईल, असं करू नका.

आता आईची बाजू, कारण एकदा दिलेलं बक्षीस मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मी दस्त लिहायला बसतो तेव्हा मुलाला बाहेर चहाला पाठवतो आणि आईला एकटीला विचारतो, "काकू, तुम्ही कुठं राहणार?" बहुतेक वेळा उत्तर असतं, "म्हणजे? माझ्याच घरात." ते उत्तर कागदावर आणायचं. आईला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील, असं कलम घालता येतं. ताबा आईकडे राहिला म्हणून बक्षीस अवैध होत नाही. दुसरं कलम सांभाळण्याचं: धाकटा आईचा खर्च, औषधपाणी आणि गरजा बघेल या अटीवर हे बक्षीस आहे. हे वाक्य असेल आणि मुलगा फिरला, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे आईला प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि बक्षीस रद्द होऊ शकतं. अटच लिहिलेली नसेल तर तिचं म्हणणं सिद्ध करणं फार जड जातं, २०२२च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीवरच बोट ठेवलं होतं. "मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं" असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या.

शेतजमिनीचा तुकडा बक्षीस देताना प्रमाणभूत क्षेत्र बघा, म्हणजे ज्याच्यापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र. सध्या ते बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे आहे. नातीला हौसेने ५ गुंठे तोडून द्यायचे म्हटलं तर तुकडेबंदी आडवी येते.

मिरजेतल्या एका वाचकाने विचारलं होतं म्हणून सांगतो, इथलं वारसा आणि हिश्श्यांचं गणित हिंदू कुटुंबांचं आहे. मुस्लिम कुटुंबातल्या हिब्याचे नियम वेगळे आहेत, तिथे तोंडी दान आणि ताबा देणं याला स्वतंत्र स्थान आहे.

सेटलमेंट डीड: आपल्याकडे कुणी करत नाही, कारण

सीमेपलीकडे बेळगावला किंवा चेन्नई-हैदराबादला नोकरी करणारा नातेवाईक फोनवर हमखास सांगतो, "सेटलमेंट डीड करा, आमच्याकडे तेच करतात." त्यांच्याकडे करतात हे खरं आहे. मुद्रांक हा राज्याचा विषय आहे आणि तिकडच्या राज्यांत घरातल्या सेटलमेंटला सवलत आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात सेटलमेंटची व्याख्या आहे: लग्नाच्या निमित्ताने, कुटुंबात मिळकत वाटून देण्यासाठी, अवलंबून असलेल्या माणसाची सोय करण्यासाठी किंवा धर्मादाय कामासाठी केलेली, मृत्युपत्र नसलेली लेखी व्यवस्था. पण तिच्यावर कुटुंबासाठी सवलत नाही, खरेदीखताचा दर आहे.

समजा आईची इच्छा अशी असती: हयातभर मी राहीन, माझ्यानंतर तळमजला धाकट्याला, वरचा मजला थोरल्याला, आणि भाड्यातून ताईला दरमहा काही रक्कम. स्वभावाने ही सेटलमेंट आहे. सांगली महापालिका हद्दीत ४० लाखांवर ५ टक्क्यांनी नुसता मुद्रांक दोन लाख रुपये होईल. तेच काम दोन मुलांना दोन वेगळी बक्षीसपत्रं, दोन्हींत आईचा राहण्याचा हक्क, असं केलं तर मुद्रांक प्रत्येकी २०० आणि एकूण अधिभार ४० हजार. ताईची दरमहाची रक्कम मात्र या दोन कागदांत नीट बसत नाही. ती आईला खरोखर महत्त्वाची असेल तर मृत्युपत्र हाच मार्ग. त्याला मुद्रांक नाही आणि आई ते कधीही बदलू शकते. ते अंमलात येतं तिच्यानंतर, एवढंच.

नावाच्या सारखेपणाने आणखी एक घोळ होतो. "फॅमिली सेटलमेंट" म्हणजे कौटुंबिक समझोता, ही निराळी चीज आहे. तिथे आधीच हक्क असलेले किंवा दावा सांगणारे लोक आपसांतला वाद मिटवतात. तोंडी झालेल्या समझोत्याची नुसती आठवण म्हणून केलेली नोंद नोंदणीशिवाय चालू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये म्हटलं आहे. पण त्या कागदानेच हक्क निर्माण होत असेल तर नोंदणी लागतेच, आणि आईच्या एकटीच्या घराला हा मार्ग लागू नाही.

कार्यालयातला दिवस आणि त्यानंतरचा महिना

दस्ताचा मसुदा पक्का झाला की मूल्यांकन काढायचं, चलन भरायचं आणि igrmaharashtra.gov.in वर माहिती भरून वेळ घ्यायची. ताईच्या हक्कसोडीला मी पिशवीत काय ठेवायला सांगतो ते असं: चालू तारखेचा सातबारा आणि आठ-अ, वारस नोंदीचा फेरफार, मिळकत आजोबांकडून आल्याचा जुना फेरफार, अण्णांच्या मृत्यूचा दाखला, सगळ्यांचं आधार आणि पॅन, आणि ओळखपत्रासह दोन साक्षीदार. जुना फेरफार विसरू नका, मिळकत वडिलोपार्जित असल्याचा तोच पुरावा. आईच्या घरासारखी मिळकत पुढे वारसाने मुलांकडे आली आणि त्यांनी आपसांत हक्कसोड करायची ठरवली, तर ती "वडिलोपार्जित" धरायची का, यावर खिडकीवरच वाद होतो. तिथेही आधी अभिनिर्णय घेतलेला बरा.

सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. नोंदणी झाल्यावर सूची दोनची प्रत घ्या आणि त्यातला गट नंबर, क्षेत्र आणि नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा.

लोक इथे पेढे वाटतात आणि विसरतात. दस्त गावात पोचला की तलाठी फेरफार धरतो, नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोटिशीवर आई आणि थोरल्याच्या सह्या राहिल्या तर नोंद तशीच पडून राहते. घराच्या बाबतीत मिळकत पत्रिका, महापालिकेचा घरपट्टी विभाग आणि वीज मीटर ही तीन ठिकाणं वेगवेगळी आहेत, एकाचं झालं म्हणून दुसऱ्याचं आपोआप होत नाही. महिन्याभराने नवा सातबारा काढा. ताईचं नाव कंसात गेलेलं आणि धाकट्यापुढे ५० गुंठे दिसले की काम झालं. सोसायटीचा बोजा मात्र इतर हक्कांत होता तसाच दिसेल, तो हक्कसोडीने उतरत नाही, फेडूनच उतरतो.